बाकावर चित्रं लावायचीत, केवढी आणि किती उंचीवर?

सुरंगी_देवगड
नमस्कार मंडळी. देवगडला आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे, ओटीचं काम आत्ता पूर्ण झालं, भिंती पांढऱ्या केल्यात. ओटीवर सासऱ्यांचा सागवानी बाक आहे, लांबी साडेसहा फूट म्हणजे ७८ इंच, पाठ जमिनीपासून ३६ इंच. बाक भिंतीला टेकून असतो. त्याच्या वर लावायला पिंगुळीहून आणलेली चित्रकथीची तीन चित्रं आहेत, कागदावरची, प्रत्येक १५ इंच रुंद आणि ११ इंच उंच, आडवी. अजून फ्रेम केलेली नाहीत. नवऱ्याचं म्हणणं की एवढ्या मोठ्या बाकावर ही हरवून जातील, एकच मोठं चित्र आणू. फ्रेम धरून बजेट ५ हजार, त्याच्यावर एक रुपया नाही. केवढी फ्रेम करू आणि किती उंच लावू?

खाडीपलीकडे
नवरा बरोबर बोलतोय. आम्ही रत्नागिरीच्या फ्लॅटला सोफ्यावर पाच फुटी कॅनव्हास घेतला, समुद्र आणि होड्या, २८ हजाराला पडला पण येणारा प्रत्येक जण आधी तिकडे बघतो. एकदाच घ्या आणि चांगलं घ्या. पाच हजारात नुसती लाकडाची पट्टी येते हल्ली.

नाना_गुहागर
उंचीचा नियम एकच आणि तो जगभर चालतो, चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचावर. उभ्या माणसाची नजर तिथे पडते. खाली बाक असो की कपाट, काही बदलत नाही. माझ्या घरी सगळी चित्रं अशीच आहेत, एका रेषेत.

पडवीतला_झोपाळा
माका विचारशात तर एकच मोठा चित्र लाव गो. बारकी बारकी चित्रा कोण बघता? आणि ओटीर पाण्याचा चित्र लावू नको, म्हातारी माणसा सांगतत.

खाडीपलीकडे
पाण्याचं चित्र लावू नये असं कुठे लिहिलंय? उलट उत्तरेच्या भिंतीला पाणी चांगलं मानतात. आमचा समुद्र उत्तरेलाच आहे.

पडवीतला_झोपाळा
आमच्याकडे नाय मानणत. तुमच्याकडे मानतत तर माना.

आबोली_कुडाळ
सुरंगीताई, मी बरीच वर्षं फ्रेमिंगच्या दुकानात काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नानांचा ५७ इंच मोकळ्या भिंतीसाठी अगदी बरोबर आहे, पण खाली बाक आला की आधी बघायचं ते बाकाच्या पाठीचा वरचा काठ आणि फ्रेमचा खालचा काठ यांच्यात किती जागा राहते. ती ६ ते १० इंच असली की बाक आणि चित्र मिळून एक वस्तू दिसते. त्याच्या पुढे गेलं की चित्र बाकापासून सुटतं आणि भिंतीवर एकटं लटकल्यासारखं वाटतं.

तुमच्याच मापांवर करून बघा. समजा फ्रेम १४ इंच उंच झाली. मध्य ५७ वर धरला तर खालचा काठ येतो ५० वर, आणि बाकाची पाठ ३६ ला संपते, म्हणजे मध्ये १४ इंच भिंत उघडी. ओटीवर तर माणसं बसलेलीच जास्त, त्यांना मान वर करून बघावं लागेल. तेच पाठीपासून ८ इंच सोडून लावलं तर खालचा काठ ४४ वर, मध्य ५१ वर. उभ्या माणसालाही ते खाली वाटत नाही, कारण नजर बाकावरून वर चढते.

आता रुंदी. बाकाच्या दोन तृतीयांश ते पाऊण भाग चित्रांनी व्यापला की तोल बसतो. ७८ चे दोन तृतीयांश ५२, पाऊण म्हणजे साडेअठ्ठावन्न. हे माप कागदाचं नाही, माउंट आणि फ्रेमसकट पूर्ण रांगेचं, चित्रांमधली फट धरून. तुमचं चित्र १५ इंच, त्याला चारी बाजूंनी एक इंच माउंट आणि अर्ध्या इंचाची पट्टी दिली की होतं १८. अशी तीन आणि मध्ये अडीच-अडीच इंचाच्या दोन फटी, बेरीज ५९. म्हणजे मोठं चित्र न आणता पाऊण बाक भरला. हरवायचा प्रश्नच नाही.

नाना_गुहागर
मग ५७ चा नियम काय उगाच झाला का? गॅलऱ्यांमध्ये असंच लावतात.

आबोली_कुडाळ
उगाच नाही काका. गॅलरीत चित्राखाली बाक नसतो आणि माणसं उभी असतात. तुमच्या पॅसेजमध्ये, जिन्याच्या तोंडाशी, दाराशेजारी तो चालतोच.

मिठमुंबरी
माझा पण असाच प्रश्न आहे. ५५ इंची टीव्ही आणि खाली चार फुटी युनिट, तर टीव्ही किती उंच लावू? युनिट लहान पडतंय का?

जांभादगड
टीव्हीसाठी वेगळा धागा काढा भाऊ.

सुरंगीताई, माप ठरवण्याआधी भिंत बघा. चिऱ्याच्या भिंतीत खिळा मारून फ्रेम टांगू नका. गिलावा दिसतो घट्ट, पण आत चिऱ्याला भोकं असतात, प्लग पोकळीत गेला की गरगर फिरतो आणि स्क्रू आवळतच नाही. ८ एमएमचा बिट घ्या, हॅमर मोड बंद ठेवून साध्या ड्रिलने हळू जा, नाहीतर भोक हवं त्याच्या दुप्पट होतं. आधी सिमेंटची राखाडी धूळ येईल, मग तांबडी. तांबडी सुरू झाली की चिरा लागला, त्यानंतर निदान दीड-दोन इंच आत जायला हवं. प्लग बोटाने सहज आत गेला तर तो धरणार नाही, इंचभर बाजूला दुसरं भोक घ्या. फ्रेमने ते झाकलं जातं.

आणि एका फ्रेमला दोन हुक. एका हुकावर दोरीने लटकवलेली फ्रेम दार आपटलं तरी वाकडी होते, तीन रांगेत असतील तर एक वाकडी झाली की तिन्ही वाकडी दिसतात.

खाडीपलीकडे
दोन हुक बरोबर. आमच्या कॅनव्हासला चार मारलेत.

वेलदूरची_मुलगी
कोणीच पावसाचं बोललं नाही. भिंत पश्चिमेची आहे का? आमच्या घरी पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या फोटोला एका पावसाळ्यात काचेच्या आतून बुरशी आली, फ्रेमवाल्याने मागे नुसता पुठ्ठा चिकटवला होता आणि फोटो काचेला चिकटला तो निघालाच नाही. कागदाची चित्रं तर फारच जपायला हवीत. माउंट हवाच, म्हणजे काच आणि कागद यांच्यात हवा राहते. आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, भिंतीपासून थोडी सुटी राहते.

सुरंगी_देवगड
आबोलीताई, किती छान समजावलंत, खूप आभार. भिंत पूर्वेची आहे, ओल येत नाही. पण बाक भिंतीला टेकून असतो आणि त्याची पाठ पातळ आहे. सासरे रोज संध्याकाळी उजव्या टोकाला बसतात आणि डोकं मागे भिंतीला टेकतात. रंग देण्याआधी तिथे तेलाचा गोल डाग होता. ४४ वर फ्रेम आली तर डोकं लागेल ना?

आबोली_कुडाळ
लागेल, आणि बरं झालं हे सांगितलंत. गादीचा सोफा असता तर त्याची पाठ जाड असते, डोकं भिंतीपर्यंत पोचत नाही. पातळ पाठीच्या बाकावर बसलेल्या माणसाचं डोकं साधारण ४८ ते ५० इंचापर्यंत जातं. तर दोन मार्ग आहेत, एक म्हणजे बाक भिंतीपासून चार-पाच इंच पुढे ओढायचा, किंवा १० इंच सोडून फ्रेम ४६ वर न्यायची. पण ४६ नेही डोकं पूर्ण सुटत नाही, म्हणून मी बाक पुढे ओढायला सांगेन. केर काढायलाही बरं.

पडवीतला_झोपाळा
म्हाताऱ्याचो बाक सरकवू नको गो. सवय मोडता.

नाना_गुहागर
म्हणूनच म्हणत होतो ५७. खालचा काठ ५० वर आला असता, डोकं लागलंच नसतं.

जांभादगड
नाना, या बाबतीत तुमचं बरोबर आहे. पण मग चित्रं बाकापासून सुटलेली दिसतात हेही खरं. दोन्ही एकदम साधायचं नाही.

ताई, ड्रिल आणण्याआधी वर्तमानपत्रं फ्रेमच्या मापाला कापून भिंतीला लावून बघा. मास्किंग टेप वापरा, सेलोटेपने नवा रंग उचलला जातो. दोन दिवस राहू द्या, दारातून बघा आणि समोरच्या खुर्चीत बसून बघा, दोन्हीकडून वेगळं दिसतं. सासऱ्यांना पण नेहमीच्या जागी बसायला सांगा.

मिठमुंबरी
वर्तमानपत्राची आयडिया टीव्हीला पण चालेल, धन्यवाद.

सुरंगी_देवगड
कागद लावून बघितले. आधी तीन, १८ बाय १४ चे, ४४ वर. रुंदी एकदम बरोबर वाटली, पण तीन मिळून एक पातळ पट्टी दिसत होती, भिंत नऊ फूट उंच आणि पट्टी १४ इंचाची. शिवाय उजवा कागद सासऱ्यांच्या डोक्यामागे चुरगळलाच. बाक पुढे ओढला तर त्यांनी दोनदा मागे ढकलला, तिसऱ्यांदा मी प्रयत्न केला नाही.

मग असं ठरवलं. दोनच चित्रं लावणार. प्रत्येकाला तीन इंचाचं माउंट आणि अर्ध्या इंचाची सागाची पट्टी, म्हणजे २२ बाय १८. मध्ये तीन इंच फट, एकूण ४७. ती बाकाच्या मधोमध नाही, डाव्या टोकाकडे लावणार, आणि उजवी बाजू सासऱ्यांसाठी पूर्ण मोकळी. खालचा काठ ४५ वर. फ्रेमवाल्याने दोन्हीचे मिळून ३४०० सांगितलेत. तिसरं चित्र माजघराच्या दारापाशी, तिथे खाली काही नाही, तर नानांच्या ५७ वर.

आबोली_कुडाळ
४७ म्हणजे साठ टक्के, मी सांगितलेल्यापेक्षा कमी आहे, आणि मधोमध नसेल तर उजवीकडची भिंत रिकामी दिसेल असं मला वाटतं. पण रुंद माउंटने उंची वाढली ते फार बरं झालं, पट्टी राहणार नाही. माउंट आम्लविरहित मागा, साधा घेतलात तर काही वर्षांनी कडेने कागद पिवळा पडतो.

खाडीपलीकडे
उजवीकडे एक मोठा लॅम्प ठेवा ना. आमच्याकडे आहे, साडेसहा हजाराचा.

सुरंगी_देवगड
लॅम्प नको, तिथे त्यांची काठी उभी असते.

जांभादगड दादा, एक शेवटचं विचारते. फ्रेमच्या मागे दोन कड्या आहेत, वरच्या काठापासून साडेतीन इंच खाली. खालचा काठ ४५, फ्रेम १८, म्हणजे वरचा काठ ६३. मग हुक साडेएकोणसाठवर ना?

जांभादगड
हो, साडेएकोणसाठ, पण ते माप कडी जिथे हुकावर बसते तिथलं. हुकाचा स्क्रू त्याच्या थोडा वर येतो, तेवढं मोजून भोक पाडा. आणि चारही हुकांची उंची जमिनीवरून वेगवेगळी मोजू नका, जुन्या ओटीची लादी कधीच लेव्हलमध्ये नसते. एक मोजा, बाकीची पाणसळीने काढा.

नाना_गुहागर
माजघराच्या दारापाशी लावलंत की फोटो टाका.