आजोबा बोलायचे थांबले की पंखा गरजतो (मोबाईल व्हिडिओ) – मदत हवी आहे

गोदाकाठ
पंचवटीतल्या वाड्यात आजोबांकडून १९६९ च्या पुराच्या आठवणी मोबाईलवर शूट करतोय. वय ८६, दर वाक्यानंतर आठवायला थांबतात. ते थांबले की दोन-तीन सेकंदांत पंख्याची घरघर चढत जाते. मग "दुतोंड्या मारुती बुडाला..." म्हणाले की पहिला शब्द अंगावर येतो आणि घरघर दबते. पंखा बंद केला तर आजोबा उठूनच जातात. फोन सहा फुटांवर, ट्रायपॉडवर.

मखमलाबादकर
सोपंय. ऑडॅसिटीत पंख्याचा नमुना घ्या, नॉइज रिडक्शन मारा.

गोदाकाठ
मारलं हो. आजोबा हंड्यातून बोलल्यासारखे वाटतात.

तारवाला
वाटणारच. नमुना घेतलात घरघर चढलेल्या जागेचा, आणि शब्दांखाली ती मुळात बारीक आहे. पंखा एकाच वेगाने फिरतोय. शांतता झाली की फोन आपणहून माइकची पातळी वाढवतो, बोलणं सुरू झालं की उतरवतो. खात्री करायची तर एक वाक्य बोला आणि दहा सेकंद गप्प बसा. घरघर हळूहळू चढली तर हा ऑटो गेनच.
अँड्रॉइड असेल तर Open Camera घ्या. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये Audio source आहे, तिथे Unprocessed निवडा. आवाज बारीक येईल, घाबरू नका. नंतर सगळाच सारखा वाढवा, म्हणजे पंखाही सगळीकडे सारखाच राहील.

सिडकोचा_बंड्या
माझंही हेच! सोमेश्वरला धबधब्याजवळ नुसता फडफडाट येतो.

तारवाला
बंड्या, तो वारा. माइकला फोम लाव. धागा वेगळा आहे.

मखमलाबादकर
मग कॉलर माइक लावला की झालं ना?

तारवाला
अर्धं झालं. हनुवटीखाली वीतभर अंतरावर माइक आला की आजोबांपुढे पंखा खूपच बारीक पडतो. पण ऑटो चालू राहिला तर चढउतार उलट जास्त जाणवू शकतो. शब्द मोठा म्हणून फोन पातळी आणखी खाली नेतो आणि विरामात पुन्हा वर चढवतो. दोन्ही करा.

गोदाकाठ
आधीच चाळीस मिनिटं शूट झालंय, त्याचं काय? आजोबा तेच पुन्हा सांगत नाहीत, दुसऱ्यांदा पूर वेगळाच येतो.

तारवाला
ऑडॅसिटीत एन्व्हलप टूलने प्रत्येक विराम खाली ओढा, पण शून्यावर नको. शब्दाखाली जेवढा पंखा ऐकू येतो तेवढाच ठेवा, नाहीतर मध्येच खड्डा पडल्यासारखं वाटतं. तरी सांधे जाणवले तर त्याच खोलीतला मिनिटभर नुसता पंखा रेकॉर्ड करून अगदी बारीक आवाजात सगळ्याखाली अंथरा. काम किचकट आहे. चाळीस मिनिटांना एक अख्खा रविवार धरा.

गोदाकाठ
आज करून पाहिलं. माझ्या फोनवर Unprocessed ला काहीच फरक नाही, घरघर तशीच चढते.

तारवाला
काही फोन तो पर्याय दाखवतात, पण पाळत नाहीत. त्याच यादीतला voice recognition चा पर्याय बघा. त्यात ऑटो गेन बहुधा बंद असतो.

गोदाकाठ
चढणं थांबलं! पण आवाज जरा पातळ येतोय, आजोबांचा खर्ज गेला. कॉलर माइक उद्या मेन रोडवरून आणतो. तो लावल्यावर खर्ज परत येईल का?