'स्थिर हानी' : स्थिर कशाच्या तुलनेत?

अनुवादिका : डिप्लोमाच्या मुलांसाठी प्रयोगपुस्तिका मराठीत करते आहे. डीसी शंट मोटरच्या स्विनबर्न टेस्टपाशी अडले. भार न जोडता मोटर चालवायची आणि हिशेबाने कार्यक्षमता काढायची, हे समजलं. 'कॉन्स्टंट लॉसेस'ला मी 'स्थिर हानी' लिहिलं आणि 'व्हेरिएबल'ला 'बदलती हानी'. तपासणाऱ्यांनी समासात विचारलंय, 'फील्डचा कॉपर लॉस स्थिरमध्ये कसा?' शब्द चुकलाय की यादी?

चुंबकवेडा : यादी चुकली आहे. कॉपर लॉस करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो बदलताच. स्थिरमध्ये फक्त लोखंडातली हानी, बेअरिंग-ब्रशचं घर्षण आणि हवेचा विरोध.

तंत्रमास्तर : वर्गाचं बरोबर आहे, पण करंट कुठला ते पाहा. शंट मोटरचं फील्ड थेट सप्लायवर असतं. व्होल्टेज तेच आणि ऱ्हिओस्टॅट हलवला नाही, तर भार टाका की काढा, फील्डचा करंट तोच राहतो. भाराबरोबर वाढतो तो आर्मेचरचा करंट. म्हणून आर्मेचरचा कॉपर लॉस बदलता आणि फील्डचा स्थिर. 'स्थिर' म्हणजे भार बदलला तरी तेवढीच राहणारी.

आकडे घालून बघा. मोटर २२० व्होल्टची. बिनभार, पण ठरलेल्या वेगाला आणून चालवली. लाइन करंट ४ अँपिअर, फील्डचा १, म्हणजे आर्मेचरमधून ३. आर्मेचरचा रेझिस्टन्स ०.५ ओहम. मोटर आत घेते ८८० वॅट आणि बाहेर काहीच काम करत नाही, म्हणजे सगळे ८८० आतच खर्च. त्यातले आर्मेचरच्या तांब्यात जेमतेम साडेचार. उरलेले ८७५.५ वॅट ही स्थिर हानी. फील्डचे २२० वॅट त्यातच बसलेत, ते पुन्हा वेगळे मिळवायचे नाहीत. पोरं नेमकी तिथेच घसरतात.

आता लाइन करंट २५ अँपिअर धरा. आर्मेचरला २४, तिथली हानी २८८ वॅट. एकूण हानी ११६३.५. आत ५५०० गेले, बाहेर ४३३६.५ आले. कार्यक्षमता ७८.८ टक्के, आणि शाफ्टला एक किलोचाही भार लावलेला नाही.

गिरणीवाला : आमच्या पिठाच्या गिरणीची थ्री-फेज मोटर पट्टा काढून फिरवली तरी बराच करंट खाते. म्हणजे तिची स्थिर हानी फार आहे का?

तंत्रमास्तर : नाही हो, तुमची इंडक्शन मोटर. तिचा बिनभार करंट मुख्यतः चुंबकत्व उभं करण्यात जातो आणि पॉवर फॅक्टर अगदी कमी असतो. नुसत्या अँपिअरवरून वॅट कळणार नाहीत, वॉटमीटर लावावा लागेल. डीसीला व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की झालं.

वाइंडिंगवाला : त्या ०.५ ओहमबद्दल बोलतो. तो घेतला कसा, यावर पुढचं सगळं अवलंबून. मी फील्ड सोडवून ठेवतो, आर्मेचरला कमी व्होल्टचा डीसी देतो आणि शाफ्ट थोडा थोडा फिरवून चार-पाच वाचनं घेतो, कारण ब्रश कुठल्या सेगमेंटवर बसलाय त्यावर आकडा हलतो. शिवाय मोटर गार असते. तांबं वीस अंशांवरून पंचाहत्तरला गेलं की रेझिस्टन्स साधारण सव्वापट होतो. वरच्या हिशेबात ०.६ घाला.

तंत्रमास्तर : घातला. आर्मेचरमध्ये ३४५.६ वॅट, कार्यक्षमता ७७.८. टक्काभर खाली. स्थिर हानीत मात्र फारसा फरक पडत नाही, तिथे आर्मेचरचा वाटाच नगण्य.

चुंबकवेडा : फील्डचं पटलं. मग सिरीज मोटरलाही हीच टेस्ट करता येईल ना?

वाइंडिंगवाला : अजिबात नको! सिरीज मोटर बिनभार सोडली की पळत सुटते, आर्मेचरच्या तारा उसवून बाहेर येतील. शंटमध्येही चालू मोटरचं फील्ड तुटलं तर तसाच धोका. स्टार्ट करताना फील्डचा ऱ्हिओस्टॅट कमीत कमी रेझिस्टन्सवर हवा, हे पुस्तिकेत ठळक छापा.

अनुवादिका : छापते. आणि पहिल्या उल्लेखाला 'भारानुसार न बदलणारी हानी' लिहू का? म्हणजे समासातला प्रश्नच येणार नाही.

तंत्रमास्तर : तेही पूर्ण खरं नाही. भार आला की आर्मेचर रिॲक्शनमुळे पोलखालचं चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं होतं आणि लोखंडातली हानी थोडी वाढते. वेगही थोडा उतरतो. ही टेस्ट तेवढा फरक सोडून देते. भाराखाली कम्यूटेटरवर ठिणग्या किती उडतात आणि मोटर किती तापते, हेही तिच्यातून कळत नाही.

चुंबकवेडा : मग 'स्थिर धरलेली हानी' लिहा. धरली आहे, असं प्रामाणिकपणे सांगितलं.

वाइंडिंगवाला : आमच्याकडे पोरं 'नो-लोड लॉस' म्हणतात, भागतं.

तंत्रमास्तर : भागतं कसं? बिनभार हानीत ते साडेचार वॅट आहेत, स्थिर हानीत नाहीत. छोट्या मोटरला, जिथे आर्मेचरचा रेझिस्टन्स मोठा असतो, तिथे एकूण हानीच्या मानाने हा फरक इतका नगण्य राहीलच असं नाही.

अनुवादिका : 'स्थिर धरलेली' आवडलं, पण निरीक्षण-तक्त्याच्या मथळ्यात मावत नाही. तिथे 'स्थिर' ठेवून खाली तळटीप देते. संपादक तळटिपा उडवतात, ते वेगळं.