ह्युंदाईचा आयपीओ भरायचा का? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

शिंदे काका (बी-२०३): सर्वांना नमस्कार. मंगळवारी ह्युंदाईचा आयपीओ उघडतोय. १८६५ ते १९६० चा भाव, ७ शेअरचा लॉट, म्हणजे वरच्या भावाने १३,७२० रुपये. माझा, हिचा आणि दोन्ही मुलांचा असे चार अर्ज टाकायचा विचार आहे. एकाला तरी लागेलच. आपल्या तळेगावच्या प्लांटसाठीच पैसे उभारतायत, तेव्हा घरचीच कंपनी म्हणायची.

निखिल (ए-१०४): काका, मी पण भरतोय. आमची कंपनी त्यांना पार्ट पुरवते. पण १८६ रुपयांची सूट फक्त त्यांच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना आहे, आम्हा व्हेंडरवाल्यांना नाही.

मेधाताई (सी-५०१): काका, तळेगावचं मनातून काढून टाका. या इश्यूतला एक रुपयाही तळेगावला जाणार नाही. आरएचपीमध्ये, म्हणजे इश्यूआधी कंपनी जे माहितीपत्रक देते त्यात, ‘ऑब्जेक्ट्स ऑफ द ऑफर’ नावाचं प्रकरण आहे, तेवढं उघडून बघा. कंपनीला या विक्रीतून काहीही मिळणार नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. हा पूर्ण ऑफर फॉर सेल आहे. कोरियातली मूळ कंपनी आपल्या हिश्श्यातले साधारण १४ कोटी २२ लाख शेअर विकतेय आणि २७,८७० कोटी थेट तिच्याकडे जाणार. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना यांनी घेतलाय हे खरं, क्षमताही तिथे वाढणार आहे, पण तो खर्च कंपनी स्वतःच्या पैशातून करणार.

शिंदे काका: अरेच्चा! मग आपण नक्की कशाला पैसे देतोय?

मेधाताई: चालू असलेल्या कंपनीचा एक तुकडा मालकाकडून विकत घेतोय. त्यात वाईट काही नाही. फक्त ‘नव्या पैशाने धंदा वाढेल, मग भाव वाढेल’ हा हिशोब इथे लागू नाही. प्रश्न एकच उरतो, मालक जो भाव मागतोय तो रास्त आहे का.

पाटील काकू (ए-३०२): मेधा, आरएचपी म्हणजे तो जाडजूड पीडीएफ ना? कुठे मिळतो? आणि एवढा वाचायचा कुणी?

मेधाताई: काकू, सेबीच्या साइटवर आहे, एक्सचेंजच्या साइटवरही आहे. सगळा वाचायची गरज नाही. ‘ऑब्जेक्ट्स’ झालं की ‘बेसिस फॉर ऑफर प्राइस’ उघडा, थोड्याच पानांचं आहे. २०२३-२४ ची प्रति शेअर कमाई ७४.५८ रुपये दिलीय. १९६० ला त्याने भागलं की भाव कमाईच्या साधारण २६ पट येतो. तिथल्याच तक्त्यात मारुती आणि महिंद्रा याच्या थोडे वर आहेत, टाटा मोटर्स बरीच खाली. म्हणजे भाव अवाच्या सवा नाही, पण स्वस्तही नाही.

निखिल: ताई, पण त्याच पानावर नेट वर्थवरचा, म्हणजे भागधारकांच्या कंपनीतल्या पुंजीवरचा, परतावा जवळपास ५७ टक्के दाखवलाय. गाड्या बनवणाऱ्या कंपनीला ५७ टक्के म्हणजे भन्नाटच आहे की!

मेधाताई: निखिल, तो आकडा नीट उघडून बघू या, कारण यूट्यूबवर सगळे तोच सांगतायत. आदल्या वर्षी, मार्च २०२३ ला, नेट वर्थ होतं साधारण २०,०५५ कोटी आणि नफा ४,७०९ कोटी. म्हणजे परतावा साडेतेवीस टक्के. मार्च २०२४ ला नफा झाला ६,०६० कोटी, ही खरीखुरी चांगली वाढ. पण नेट वर्थ उतरलं १०,६६६ कोटींवर. वर्षभर नफा कमावून नेट वर्थ निम्मं कसं झालं? कारण त्याच मार्चमध्ये कंपनीने १०,७८२ कोटींचा लाभांश वाटला, आणि तेव्हा सगळे शेअर कोरियाच्या कंपनीकडेच होते. ती रक्कम नेट वर्थमध्ये परत मिळवून भागाकार करून बघ.

निखिल: ६,०६० भागिले २१,४४८… २८ टक्के.

मेधाताई: बरोबर. २८ सुद्धा उत्तमच आहे. पण ५७ मध्ये धंद्याची करामत निम्मीच, बाकीची तिजोरी रिकामी झाल्याची. आणि त्याचा परिणाम पुढेही दिसणार. गेल्या वर्षी ‘इतर उत्पन्न’ १,४७३ कोटी होतं, त्यात मोठा वाटा बँकेतल्या ठेवींच्या व्याजाचा. ती रोकड आता गेली. यंदाच्या पहिल्या तिमाहीत हे उत्पन्न २२४ कोटींच्या आसपासच आहे.

पाटील काकू: हे सगळं त्यांनी लपवलंय की लिहिलंय?

मेधाताई: लिहिलंय काकू, सगळं लिहिलंय. एका पानावर टक्का, शेकडो पानं पुढे लाभांश. जोडायचं काम आपलं.

शिंदे काका: जोखमींच्या यादीत आणखी काय आहे?

मेधाताई: ‘रिस्क फॅक्टर्स’मध्ये बरंचसं ठोकळेबाज असतं, पूर येईल, कायदा बदलेल वगैरे. ते सोडून द्या. याच कंपनीला लागू होणारं शोधा. इथे ते म्हणजे मूळ कंपनीवरचं अवलंबित्व. डिझाइन, तंत्रज्ञान, नाव सगळं कोरियाचं. त्याबद्दल एप्रिल २०२४ पासून विक्रीच्या साडेतीन टक्के रॉयल्टी. गेल्या वर्षीची विक्री ६९,८२९ कोटी, म्हणजे वर्षाला २,४०० कोटींच्या वर. हा सगळा नवा बोजा नाही, आधीही रॉयल्टी जातच होती. पण उद्या दर वाढवायचा झाला तर? सेबीचा नियम असा आहे की संबंधित कंपनीला दिलेली रॉयल्टी उलाढालीच्या ५ टक्क्यांवर गेली तरच आपल्यासारख्या बाहेरच्या भागधारकांची मंजुरी लागते. साडेतीन ते पाच ही मोकळी जागा मला खटकते.

निखिल: ग्रे मार्केटचा, म्हणजे लिस्टिंगआधीच्या अनधिकृत बाजारातला, भाव पण उतरलाय म्हणे.

मेधाताई: तो आकडा कोण ठरवतं याची कुठे नोंद नसते, मी त्याकडे बघतच नाही. पण काका, चार अर्जांचं मात्र परत विचारात घ्या. लॉटरी लागते ती अर्ज जास्त आले तर. रिटेल हिस्सा, म्हणजे आपल्यासारख्या छोट्या गुंतवणूकदारांसाठी ठेवलेले शेअर, भरलाच नाही, तर ज्याने जेवढं मागितलं तेवढं सगळं मिळतं. तुम्ही एक लागावा म्हणून चार टाकणार, आणि चारही लागले तर ५४,८८० रुपये अडकणार. तेवढे शेअर दोन-तीन वर्षं ठेवायची तयारी आहे का?

शिंदे काका: नाही बुवा. मला लिस्टिंगलाच, शेअर बाजारात आल्या दिवशीच, विकायचे होते.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

मेधाताई: काका, आज शेवटचा दिवस. रिटेल अजून अर्धासुद्धा भरलेला नाही. अर्ज कमी करायचे असतील तर बंद व्हायच्या आत ब्रोकरच्या अ‍ॅपवरून मागे घ्या. आणि जो ठेवायचा त्याची यूपीआय मंजुरी पाचच्या आत द्या, नाहीतर अर्ज बाद. पैसे खात्यातच राहतात, फक्त ब्लॉक होतात.

शिंदे काका: हिचा आणि मुलांचे मागे घेतले. माझा एक ठेवला, मंजुरी दिली. आमची ह्युंदाई बारा वर्षं चालतेय, एवढ्यासाठी तरी एक लॉट.

निखिल: मी नाही भरला ताई. पगार त्यांच्याच ऑर्डरवर चालतो, बचतही तिथेच नको वाटलं.

मेधाताई: हा विचार मला एकदम पटला.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

शिंदे काका: लागला. १९३४ ला उघडला आणि बंद होताना १८२० च्या आसपास. एका लॉटवर हजारेक रुपये खाली. रिटेल शेवटपर्यंत निम्माच भरला, चार टाकले असते तर चारही लागले असते. मेधा, विकू का?

मेधाताई: तुम्ही तो वापरलेल्या गाडीवरच्या विश्वासाने घेतलाय, गाडी कालपासून बिघडलेली नाही. पुढच्या महिन्यात तिमाही निकाल येतील. त्यात विक्री, रॉयल्टी आणि इतर उत्पन्न या तीन ओळी बघू, मग ठरवा.

शिंदे काका: ठीक. निकालाचा पीडीएफ आला की ग्रुपवर टाक, या वेळी आकडे मी काढतो.