प्रायोजित रीलमध्ये 'पैसे घेतलेत' हे कोणत्या शब्दांत सांगायचं? (मदत हवी आहे)

उलटीशिवण

मी शिवणकामाचे छोटे व्हिडिओ करते. पहिल्यांदाच एका कंपनीने कात्री दाखवायला पैसे दिले. व्हिडिओ ४२ सेकंदांचा. सुरुवात अशी केली होती: "कात्री शोधून शोधून दमले, आणि मग ही सापडली!" कॅप्शनच्या तळाशी हॅशटॅगांच्या रांगेत `#collab` टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी नेहमी बघणाऱ्या एका ताईंची कमेंट आली, "सापडली की पाठवली?" बाकी सगळ्या कमेंट बाजूला राहिल्या, त्या तीन शब्दांखालीच गर्दी झाली. लाजून व्हिडिओ काढला. कंपनीशी बोलले, आता नव्याने करणार आहे.

खरी परिस्थिती अशी: कात्री फुकट आली, पैसे वेगळे मिळाले, लिंकवरून कोणी घेतली तर कमिशनही आहे. नऊ दिवस वापरली आणि आवडली, ते खोटं नाही. मात्र टाकण्याआधी कंपनीने व्हिडिओ पाहिला होता आणि एक वाक्य बदलायला लावलं होतं.

नवी सुरुवात लिहिली: "मित्रांनो, खरं सांगायचं तर हा व्हिडिओ स्पॉन्सर्ड आहे, पण मत शंभर टक्के माझंच आहे." आरशासमोर म्हणून पाहिली, तर कबुलीजबाब दिल्यासारखं वाटतं. शब्द चुकतायत की सूर?

बिनधास्त_बाळ्या

एवढं काय त्यात? अ‍ॅपमध्येच पेड पार्टनरशिपचं बटण असतं. ते चालू करा, वर नाव येतं, विषय संपला. तोंडाने सांगायची काही गरज नाही. पहिल्या तीन सेकंदांत 'जाहिरात' म्हटलंत की निम्मे लोक पुढे सरकवतील.

कात्रणवाला

बाळ्या, बटण चालू करायलाच हवं, पण तेवढ्यावर थांबू नये. इन्स्टाग्रामवर ते नाव बारीक अक्षरात येतं. यूट्यूबवर `Includes paid promotion` ही पट्टी पहिले दहा सेकंद दिसते आणि जाते. अमेरिकेतली ग्राहकांचं हित पाहणारी सरकारी संस्था एफटीसी तर निर्मात्यांना स्पष्ट सांगते की प्लॅटफॉर्मच्या सोयीवर विसंबू नका, व्हिडिओतच सांगा, नुसतं वर्णनात नको, आणि ज्या भाषेत बोलताय त्याच भाषेत सांगा.

मी बरीच वर्षं अशा व्हिडिओंचं संकलन करतोय. उलटीशिवण, तुमच्या जुन्या व्हिडिओत खरी गोची `#collab`ची नव्हतीच. गोची 'सापडली' या क्रियापदात होती. पाठवलेली वस्तू सापडत नाही. असं एक क्रियापद असलं की खाली कितीही मोठी पट्टी लावा, बघणाऱ्याला फसवल्यासारखंच वाटतं. 'हल्ली मी हीच वापरते', 'सगळे विचारत होते म्हणून' ही त्याचीच भावंडं. आधी संहितेतून ती काढा.

नव्या वाक्यात दोन शब्द खटकतात. 'खरं सांगायचं तर' म्हटलं की एरवी खरं सांगत नाही असा वास येतो. आणि 'पण'! या 'पण'ने पहिलं अर्धं वाक्य गुन्हा ठरतं आणि दुसरं त्याची सफाई. वर 'शंभर टक्के माझंच मत' तुम्हाला म्हणताच येणार नाही, कारण एक वाक्य त्यांनी बदललं आहे. कोणतं होतं ते?

उलटीशिवण

मी म्हटलं होतं, "जाड डेनिमवर अजून वापरून पाहिली नाही." त्यांनी ते "सगळ्या कापडांवर चालते" असं करायला लावलं.

कात्रणवाला

मग ते मतही नाही, न तपासलेला दावा आहे. तो तुमच्या तोंडी नकोच. हवा असेल तर त्यांनी पाकिटावर छापावा.

पुस्तककिडा_७

मला पण हाच प्रॉब्लेम! मला प्रकाशक पुस्तकं फुकट पाठवतात, पैसे नाही देत. मग मी सांगायला नको ना? आणि रीच वाढवायला कोणत्या वेळी टाकायचं?

मीठमिरची

किड्या, वेळेचा धागा वेगळा काढ. फुकट आलेलं सांगायचंच. 'प्रकाशकांनी वाचायला पाठवलं' एवढं पुरे, त्याला 'जाहिरात' म्हणायचीही गरज नाही.

शब्दांबद्दल माझं मत. मराठीत 'सौजन्याने' म्हटलं की कोणीतरी हॉल दिला असं वाटतं. 'प्रायोजित' कळतं, पण बोलताना कोणी म्हणत नाही. 'कोलॅब' म्हणजे दोन रीलवाले एकत्र आले असतील, माझ्या आईला तर तेवढंही कळत नाही. 'अमुक कंपनीचे आभार' हा सगळ्यांत चोरटा प्रकार. पट्टीवर 'जाहिरात' आणि तोंडी 'पैसे दिलेत', यात गैरसमजाला जागाच उरत नाही.

कात्रणवाला

सहमत. गंमत म्हणजे इथे नियमांचंही एकमत नाही. भारतातल्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेच्या चालणाऱ्या शब्दांच्या यादीत 'कोलॅबोरेशन' चालतं, एफटीसी मात्र 'कोलॅब'सारखे शब्द मोघम ठरवते. मी कडक बाजू धरतो.

पट्टी किती वेळ, यालाही एएससीआयचं माप आहे. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान ३ सेकंद, त्याहून मोठ्या पण २ मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश. तुमच्या ४२ला १४ सेकंद झाले. मी मात्र कात्री दिसते तेवढा सगळा वेळ ठेवीन. जागा वरच्या बाजूला, कारण खाली कॅप्शन आणि उजवीकडे बटणं तिच्यावर बसतात. फिकट कापडावर पांढरी अक्षरंही दिसणार नाहीत. फोनवर, आवाज बंद करून, हात लांब धरून बघा. मग डोळे मिटून नुसतं ऐका. दोन्ही वेळा कळलं पाहिजे.

आणि तोंडी वाक्य निव्वळ पहिल्या सेकंदात कोंबू नका. कंपन्या असे व्हिडिओ पुढे कापून आपल्या पानावर चालवतात आणि पहिला तुकडा सर्वांत आधी उडतो. कात्री चालत असतानाच्या दृश्यावर ते बोला, म्हणजे कापताना ते सोबत जाईल.

सूर? पुढचं वाक्य ज्या वेगात बोलता त्याच वेगात. हसून नाही, घाईत नाही. बहुतेक जण नेमकं इथेच भरभर बोलतात. त्या तीन सेकंदांचा आवाज वेगळा काढून ऐका, लगेच पकडाल.

उलटीशिवण

असं लिहिलंय. कापड कापतानाच्या दृश्यावर:

"ही कात्री कंपनीने पाठवली, आणि हा व्हिडिओ करायला पैसेही दिलेत. नऊ दिवसांत सुती आणि रेशमी कापड कापलं. रेशमाच्या कडा निसटल्या नाहीत, ते मला आवडलं. डेनिमवर अजून चालवलेली नाही. लिंकवरून घेतलीत तर मला कमिशन मिळतं."

वर 'जाहिरात', पूर्ण वेळ. डेनिमचं वाक्य राहणार नसेल तर पैसे परत करीन, असं कंपनीला कळवलंय.

मीठमिरची

छान झालं. कमिशनचं वाक्य लिंक दाखवशील तिथेच ठेव, शेवटी एकटं टांगू नकोस. शेवटापर्यंत कोण थांबतंय?

बिनधास्त_बाळ्या

वाक्यं चांगली आहेत, मान्य. पण व्ह्यूज पडणार ते पडणारच. आणि कंपनीने आधी पाहिला होता हे का नाही सांगत? अर्धंच प्रामाणिक झालं की.

कात्रणवाला

व्ह्यूजचं तू म्हणतोस तसं होईलही, नाही म्हणणार नाही. दुसऱ्या प्रश्नावर माझंच नक्की होत नाही. त्यांनी फक्त मॉडेलचं नाव बरोबर आहे का ते पाहिलं, तर मी सांगणार नाही. मत बदलायला लावलं आणि तुम्ही बदललंत, तर सांगून भागत नाही, तो व्हिडिओच करू नये. मधल्या प्रकारांचं काय, ते इथे कोणी केलं असेल तर लिहा.

उलटीशिवण

कंपनीचं उत्तर आलं. "डेनिम वगळा, बाकी ठेवा" म्हणतायत. म्हणजे खोटं बोलायचं नाही, फक्त गप्प बसायचं. हे मधल्यातच येतं ना?