कॉर्पस कॅलोसम छेदल्यावर ‘मी’ एकच उरतो का?

अवलोकिता
तीव्र अपस्माराच्या रुग्णांमध्ये मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम छेदला, की एकाच कवटीत दोन स्वतंत्र जाणिवा नांदू लागतात, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. २०१७ साली एका अभ्यासाने हे खोडून काढले, असेही वाचनात आले. यांतले काय मानावे? आणि कोंबडीच्या पायाचा तो प्रसिद्ध प्रयोग नेमके काय दाखवतो?

सव्यसाची
माझ्या मते पुरावा पुरेसा स्पष्ट आहे आणि तो दोन व्यक्तींच्याच बाजूचा आहे. डावा डोळा उजव्या गोलार्धाला माहिती देतो आणि उजवा डोळा डाव्या गोलार्धाला. मधला पूल तोडला की दोघांची जगे वेगळी होतात. अमेरिकेतील पी. एस. या किशोरवयीन रुग्णाचा उजवा गोलार्ध डाव्या हाताने अक्षरांच्या सोंगट्या मांडून उत्तरे देऊ शकत असे. मोठेपणी काय व्हायचे आहे, या प्रश्नाला त्याने तोंडी ‘आराखडे काढणारा ड्राफ्ट्समन’ असे उत्तर दिले, तर डाव्या हाताने मोटारींच्या शर्यतीचे शब्द जुळवले. ज्यांच्या आकांक्षाच वेगळ्या आहेत, त्यांना आपण दोन व्यक्ती का म्हणू नये?

उत्तरा
पी. एस.चे उदाहरण खरे आहे, पण आधी डोळ्यांविषयीची दुरुस्ती आवश्यक आहे, कारण प्रयोगाची सगळी रचना तिच्यावर उभी आहे. प्रत्येक डोळ्यातून दोन्ही गोलार्धांकडे माहिती जाते. विभागणी होते ती डोळ्यांची नव्हे, तर दृष्टिक्षेत्राची. नजर एका बिंदूवर स्थिर असेल, तर त्या बिंदूच्या डावीकडे जे दिसते ते उजव्या गोलार्धात पोहोचते आणि उजवीकडचे डाव्या. म्हणून एक डोळा झाकून काहीही साधत नाही. चित्र साधारण १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी काळ दाखवावे लागते, कारण त्याहून जास्त वेळ मिळाला तर नजर तिकडे वळते आणि ते दोन्ही गोलार्धांना दिसते.

आता मेंदूवैज्ञानिक गझानिगा आणि लेडू यांचा तो प्रयोग पाहा. पी. एस.ला मधल्या बिंदूकडे बघायला सांगून उजवीकडे कोंबडीचा पाय आणि डावीकडे बर्फाने वेढलेले घर क्षणभर दाखवले. त्यानंतर समोर मांडलेल्या चित्रांतून जुळणारे चित्र निवडायचे होते. उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि उजव्या गोलार्धाच्या ताब्यातल्या डाव्या हाताने बर्फ उपसायला लागणारे फावडे. म्हणजे दोन्ही गोलार्धांनी आपापल्या परीने बरोबर उत्तर दिले. खरी गंमत पुढे आहे. असे का निवडले, असे विचारल्यावर बोलणाऱ्या डाव्या गोलार्धाला बर्फाची काहीच कल्पना नव्हती, तरीही तो ‘मला माहीत नाही’ असे म्हणाला नाही. कोंबडीचा पाय कोंबडीशी जुळतो आणि खुराडे साफ करायला फावडे लागते, असे त्याने विनासंकोच सांगितले.

या प्रयोगातून माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे हेच निघते. डावा गोलार्ध आपल्या हातून घडलेल्या कृतीचे कारण स्वतः रचतो आणि ते रचलेले आहे हे त्याला जाणवत नाही. आपल्याला अखंड वाटणारा ‘मी’ काही अंशी अशाच स्पष्टीकरणांतून उभा राहत असावा. मात्र कवटीत दोन व्यक्ती आहेत, हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. शिवाय पी. एस. हा अपवादात्मक रुग्ण होता. त्याच्या उजव्या गोलार्धाकडे असलेली भाषा बहुतेक रुग्णांच्या उजव्या गोलार्धाकडे नसते.

मंजिरी
उत्तराताई, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या पुतणीला औषधांना न जुमानणारे झटके येतात. त्यांत ती अचानक जमिनीवर कोसळते आणि तिला गंभीर इजा होते. डॉक्टरांनी कॉर्पस कॅलोसमच्या पुढच्या भागाचा छेद सुचवला आहे. ती शस्त्रक्रियेनंतर दोन मुली होईल का, हीच धास्ती घरच्यांना झोपू देत नाही.

उत्तरा
मंजिरीताई, ही धास्ती समजू शकते, म्हणून स्पष्ट सांगते. पुढचा सुमारे दोनतृतीयांश भाग छेदला आणि मागचा राखला, तर दृष्टीची माहिती त्या मागच्या भागातून पलीकडे जात राहते. त्यामुळे वर वर्णन केलेली दृष्टीची विभागणी अशा रुग्णांत सहसा दिसत नाही. संपूर्ण छेद झालेल्या रुग्णांनाही रोजच्या जगण्यात आपण दोघे आहोत असे वाटत नाही. फरक उघड होतो तो बहुधा प्रयोगशाळेतल्या खास परिस्थितीत. शस्त्रक्रियेनंतरच्या सुरुवातीच्या काळात मात्र बोलणे मंदावणे किंवा डाव्या हाताचा वापर कमी होणे असे त्रास होऊ शकतात. ते किती काळ टिकतील आणि झटके कितपत कमी होण्याची अपेक्षा आहे, हे शल्यचिकित्सकांना तुमच्या पुतणीच्या संदर्भात जरूर विचारा.

सव्यसाची
डोळ्यांविषयीची दुरुस्ती मान्य आहे. पण २०१७च्या अभ्यासाने दोन जाणिवांचे मत खोडून काढले, हे मला पटत नाही. पिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनच रुग्ण तपासले होते.

उत्तरा
रुग्ण कमी असणे ही या क्षेत्राची कायमचीच अडचण आहे, कारण पूर्ण छेद आता क्वचितच केला जातो. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो निष्कर्षाचा अन्वयार्थ. जुन्या मांडणीनुसार डावीकडच्या वस्तूविषयी फक्त डावा हात उत्तर देऊ शकेल आणि तोंड गप्प राहील. पिंटोंच्या रुग्णांनी मात्र वस्तू कोणत्याही बाजूला असली तरी ती दिसल्याचे आणि कुठे दिसली हे कोणत्याही हाताने किंवा तोंडाने सांगितले. तरीही डावीकडची आणि उजवीकडची आकृती सारखी आहे का, हे त्यांना सांगता आले नाही. दर्शन विभागलेले पण प्रतिसाद देणारा एक, असा अर्थ त्यांनी लावला.

यावर गझानिगा यांच्या बाजूचा आक्षेप असा की एक गोलार्ध दुसऱ्याला शरीरामार्फत खूण करू शकतो. त्याचे जुने उदाहरण आहे. उजव्या गोलार्धाला लाल किंवा हिरवा दिवा दाखवून तोंडी रंग विचारला की डावा गोलार्ध अंदाजाने उत्तर देई. उत्तर चुकले, तर ते ऐकून उजवा गोलार्ध कपाळाला आठी घाली किंवा मान हलवी, आणि ते जाणवून डावा गोलार्ध उत्तर बदली. वस्तू आहे की नाही, कुठे आहे, इतकी ढोबळ माहिती अशा खुणेतून किंवा मेंदूच्या खालच्या, न छेदलेल्या मार्गांतून पोहोचू शकते. आकृतीचा बारकावा पोहोचणे कठीण. ‘सांगता येते, पण तुलना करता येत नाही’ हा निकाल त्यामुळे दोन्ही मतांशी जुळतो. म्हणून २०१७ने जुने मत खोडले, असे मी म्हणणार नाही, आणि ते अबाधित राहिले असेही म्हणणार नाही.

अनिकेत
मला वाटते, ‘एक की दोन’ असा आग्रहच तपासायला हवा. तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७१ सालीच असे मांडले होते की या रुग्णांत मनांची कोणतीही पूर्ण संख्या नीट बसत नाही. आपण निरोगी माणसात ‘एक’ मोजतो, कारण त्याची माहिती सर्वत्र पोहोचते. ती अर्धवट पोहोचू लागली, तर मोजणीही अर्धवटच राहणार.

सव्यसाची
यात एक अडचण आहे, अनिकेत. शर्यतीची इच्छा मांडणाऱ्या त्या उजव्या गोलार्धाला वेदना झाली असती, तर ती कोणाची वेदना? ‘मोजता येत नाही’ हे उत्तर नैतिक प्रश्नात मला पुरेसे वाटत नाही.

अनिकेत
मलाही ते पुरेसे वाटत नाही. मात्र मेंदूचे खालचे भाग आणि शरीर दोघांना समान असताना एका गोलार्धाची वेदना दुसऱ्यापासून पूर्ण अलग कशी राहील, हे मला अजून कळलेले नाही. उत्तराताई, बोटाला टोचलेली सुई किंवा पोटातला गोळा दोन्ही गोलार्धांना किती जाणवतो, याची तपासणी रुग्णांत कशी करतात?

उत्तरा
स्पर्शाच्या बाबतीत चाचणी सोपी आहे. डोळे बांधून डाव्या हातात किल्ली दिली, तर रुग्णाला तिचे नाव सांगता येत नाही, पण तोच हात नंतर अनेक वस्तूंतून चाचपून ती अचूक शोधतो. वेदना आणि तापमान मात्र काही प्रमाणात दोन्ही बाजूंनी वर जातात, त्यामुळे तेथे अशी रेषा काढता येत नाही. सव्यसाचींच्या प्रश्नाची खरी परीक्षा तेथेच आहे, आणि दृष्टीवर बेतलेल्या प्रयोगांनी ती झालेली नाही.