मदत हवी आहे: लेन्स वरच्या पापणीखाली गेली आहे, कशी काढू?

निशाचर: महिनाभर वापरायची मऊ लेन्स, नंबर -४.५. काढायच्या आधी डोळा चोळला गेला. आता उजवी लेन्स दिसत नाही, पापणीखाली टोचतंय. डोळ्याच्या मागे तर जाणार नाही ना?

डोळस: मागे वाटच नाही. पापणीचं आतलं अस्तर वर वळून पांढऱ्या भागावर येतं, तिथे बंद खिसा असतो. लेन्स दुमडून त्यातच बसते. आधी डावा डोळा झाकून चष्म्याशिवाय लांबची पाटी वाचा. स्पष्ट दिसली तर लेन्स जागेवरच आहे, चिमटे काढू नका. धूसर दिसली तर बेसिन आणि कपडेही बघा, ती पडलेलीही असू शकते.

पाटलीणबाई: सोपं आहे हो, वाटीभर पाण्यात डोळा बुडवून उघडझाप करायची!

डोळस: ओलं करायचं हे बरोबर, पण नळाचं पाणी नको. त्यातला अकँथअमीबा बुबुळाला चिवट संसर्ग करतो. लेन्स धुण्याचं पेरॉक्साइडही नको, आग आग होईल. हात साबणाने धुवून कोरडे करा. लेन्सवर चालणारे कृत्रिम अश्रू २-३ थेंब टाका आणि ५ मिनिटं डोळा मिटून बसा. मग मिटल्या पापणीवरून भुवईकडून खाली बोट हलकेच फिरवा. शेवटी नजर पायांकडे ठेवून पापणी वर उचला आणि कुणाला तरी टॉर्चने बघायला सांगा. लेन्स पांढऱ्यावर आली की बोटाच्या मांसल भागाने खाली सरकवून चिमटीत घ्या. नख किंवा चिमटा अजिबात नको.

रावसाहेब_७: माझी हार्ड लेन्स आहे, मलाही हेच करायचं का?

डोळस: नाही, हार्ड लेन्स पापणीवरून दाबू नका, तिची कड बुबुळाला ओरखडते. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

निशाचर: निघाली! पण घड्या उलगडल्यावर कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा कमी वाटतोय. टोचणं चालूच आहे.

डोळस: तळहातावर सलाइनच्या थेंबात पसरा. कड पूर्ण गोल होत नसेल तर तुकडा आत आहे. थेंब टाकून अजून एकदा बघा, तेवढंच. लेन्स अख्खी असली तरी ओरखडा आला असेल तर असंच टोचतं, आणि लोक नसलेली लेन्स शोधत तो ओरखडा वाढवतात. एकूण १५ मिनिटांच्या वर हात लावू नका. डॉक्टर पापणी उलटवून, रंग टाकून निळ्या प्रकाशात बघतात. मऊ लेन्स तो रंग शोषते, त्यामुळे तुकडाही चमकतो.

पाटलीणबाई: मग सकाळी गेलं तरी चालेल, नाही का?

डोळस: नुसतं खुपत असेल तर चालेल. उजेड सहन होत नसेल, दुखणं वाढत असेल, पू येत असेल किंवा चष्मा लावूनही धूसर दिसत असेल तर आजच. तोवर दुसरी लेन्स घालू नका.

निशाचर: तुकडा सापडला नाही. ट्यूबलाइटकडे बघवत नाहीये, पण डोळा रगडल्यामुळेही तसं होत असेल ना?

डोळस: होतं. पण ते घरी बसून ओळखता येत नाही. जुनी डबी आणि ती तुटकी लेन्स बरोबर घेऊन निघा.