पगारातून टी-शर्ट, सुया आणि लेट मार्क: मालकाला नेमकं काय कापता येतं?

सुईदोरा
अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटात मशीनवर आहे. पगार 13,000, महिन्याला 26 दिवस. या महिन्यात 3,060 कमी आले. कंपनीचा टी-शर्ट आणि एप्रन 700, मोडलेल्या सुया 60, दोनदा उशीर झाला (एकदा 25 मिनिटं, एकदा 15) म्हणून दोन अर्धे खाडे 500, आणि 12 शर्टांचे खिसे अर्धा इंच खाली लागले म्हणून 1,800. खिशाच्या खुणा कटिंगकडूनच तशा आल्या होत्या. मालक म्हणतात, कामाला लागताना सही केली आहेस. एवढं कापता येतं का?

सात रस्ता
ताई, कायद्यात पगाराच्या निम्म्यापर्यंत कपात चालते. तुमचा निम्मा पगार 6,500 होतो आणि कापले 3,060. वर सहीपण आहे. मला तर मालकाचं बरोबर वाटतं.

हिशेबनीस
निम्म्याची मर्यादा खरी आहे, पण तुम्ही तिचा अर्थ उलटा लावलात. कोणत्या कारणासाठी कापता येतं याची यादी कायद्यात दिलेली आहे: दंड, गैरहजेरी, नुकसान, उचल, पीएफ वगैरे. त्या यादीतलं सगळं मिळून निम्म्याच्या वर जायचं नाही, एवढंच ते कलम सांगतं. यादीत नसलेलं कारण असेल तर एक रुपयाही कापता येत नाही.

आधी हे 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आणि यादी जवळजवळ तशीच तिच्यात आली. सहीचं म्हणाल, तर युनियनची वर्गणी अशा मोजक्या बाबींना कामगाराची लेखी संमती चालते. बाकी ठिकाणी सही घेऊन नवं कारण तयार करता येत नाही.

आता सुया. मालक काही सोयी-सेवा पुरवत असेल तर त्याचे पैसे कापायची वाट कायद्यात आहे. पण कामासाठी लागणारी हत्यारं आणि कच्चा माल त्या सेवेत धरायचा नाही, असं तिथेच लिहिलं आहे. सुई, बॉबिन, दोरा ही तर कामाचीच हत्यारं. जाड कापडाला बारीक नंबरची सुई लावली की ती मोडणारच, ते 60 रुपये कामगाराकडून घ्यायचे नसतात. गणवेशाचं तर त्या यादीत नावच नाही.

कारखानदार
माझंही छोटं युनिट आहे, 22 मशीन. मे महिन्यात आमच्यावर काय वेळ असते ते सांगतो. जूनला शाळा उघडतात, माल त्याआधी पोचला नाही तर पार्टी ऑर्डर घेतच नाही. लाईनवर कॉलर लावणारी एक बाई अर्धा तास उशिरा आली की मागच्या सगळ्या बसून राहतात. तिच्या अर्ध्या तासाचे 31 रुपये कापून माझं नुकसान भरून येतं का? आणि नवीन मुली टी-शर्ट घेऊन आठ दिवसांत पसार होतात, तो खर्च मी कुठून काढायचा? कायदा लिहिणाऱ्यांनी एकदा लाईनवर उभं राहून बघावं.

हिशेबनीस
तुमची अडचण खोटी नाही. पण गैरहजेरीची कपात जेवढा वेळ काम झालं नाही तेवढ्याचीच असते. हिशेब करून बघा. 13,000 भागिले 26 म्हणजे दिवसाचे 500. आठ तास धरले तर तासाला साडेबासष्ट. ताईंची 40 मिनिटं म्हणजे साधारण 42 रुपये. त्यांचे कापले 500. वरचे 458 हा दंडच झाला, हजेरीपुस्तकात त्याला अर्धा खाडा म्हटलं तरी.

दंड लावायचा तर कोणत्या चुकांना लावणार ती यादी सरकारकडून मंजूर करून घेऊन कामाच्या जागी लावावी लागते, आणि कामगाराला आधी बाजू मांडू द्यावी लागते. पगाराच्या तीन टक्क्यांच्या वर दंड जात नाही, म्हणजे इथे महिन्याला जास्तीत जास्त 390. वसुली 90 दिवसांत, हप्ते पाडून नाही, आणि जमलेली रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च करायची. तुमच्या भिंतीवर अशी मंजूर यादी आहे का?

कारखानदार
नाही. खरं सांगायचं तर आमच्या ओळीत मी कुठेच पाहिली नाही.

विडी घरकुल
माझी आई विड्या वळते. पान कमी देतात, वरून संध्याकाळी मोजताना मुठीमुठीने विड्या छाटतात. छाटलेल्या विडीची मजुरी नाही आणि ती विडी परतही देत नाहीत. ही पण कपातच ना?

हिशेबनीस
अन्यायच आहे, पण याचं उत्तर मी धडपणे देऊ शकणार नाही. मजुरी नगावर असली की "ठरलेली मजुरी कापली" की "तो नग धरलाच नाही" यावर वाद होतो. वेगळा धागा काढा, विडी युनियनची माणसं बोलतील.

लूम टू टॉवेल
मी लाईन सुपरवायझर होतो. खिशाच्या 1,800 वर बोलतो. 12 शर्ट गुणिले 150, म्हणजे सरळ विक्रीचा भाव लावलेला दिसतो. खिसा अर्धा इंच खाली गेला तर तो उसवून परत लावतात. सुईची भोकं दिसायला लागली तरच शर्ट सेकंडमध्ये जातो. बाराच्या बारा गेले असतील असं मला वाटत नाही. आणि खुणा कटिंगच्या असतील तर शिलाईवालीवर का? त्या बंडलचं टिकीट जपून ठेवलंय का? त्यावर लॉट नंबर असतो. त्याच लॉटमधल्या दुसऱ्या मशीनवरही खिसे खाली गेले असतील तर चूक कुठली ते उघड आहे.

हिशेबनीस
अगदी हेच. नुकसानीची कपात त्याच मालाची, जो सांभाळायला म्हणून कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे दिला आणि जो थेट त्याच्या हलगर्जीने बिघडला. शिवायला दिलेलं बंडल "सांभाळायला दिलेलं" होतं का, यावरच मुळात वाद घालता येतो. तेही मान्य केलं तरी खऱ्या नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही, आणि कापण्याआधी विचारावं लागतं. ताई, तुम्हाला विचारलं होतं?

सुईदोरा
नाही. पगाराच्या दिवशीच कळलं. टिकीट आहे माझ्याकडे, नोंदीसाठी आम्ही वहीत चिकटवतो.

कारखानदार
सुया आणि खिशाचं मी मान्य करतो. टी-शर्टचं नाही. जो परत करत नाही त्याने तो हरवल्यासारखंच आहे, मग ताब्यात दिलेल्या मालाचं कलम इथे का लागू नये? आणि उशिराबद्दल, मी पुढच्या महिन्यापासून पगार 12,500 आणि वेळेवर येण्याचा भत्ता 500 असं करणार. भत्ता दिला नाही तर ती कपात कशी?

हिशेबनीस
सोडून जाताना टी-शर्ट परत आला नाही तर तुमचा मुद्दा ऐकण्यासारखा आहे. तसं नोंद करून द्या, सही घ्या, परत आला नाही तर वापरलेल्या टी-शर्टची किंमत लावा. पहिल्याच पगारात सगळ्यांकडून 700 घेणं त्यात बसत नाही.

भत्त्याचं मला पटत नाही. आजचा ठरलेला पगार मोडून त्याचाच तुकडा भत्ता म्हणून दाखवणं वेगळं आणि 13,000 च्या वर 500 देणं वेगळं. दुसरं खुशाल करा.

कारखानदार
वरचे 500 मी कुठून आणू? कपड्याचा भाव पार्टी ठरवते.

लूम टू टॉवेल
तो वाद बायकांच्या पगारातून मिटवू नका एवढंच.

सुईदोरा
मग मी करू काय? नोकरी जाईल म्हणून भीती वाटते.

हिशेबनीस
आधी पगाराची स्लिप मागा, ती देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि तिच्यात प्रत्येक कपात वेगळी दिसू द्या. मग लेखी पत्र द्या: 60, 700, 1,800 आणि 458, एकूण 3,018 परत मिळावेत. 42 रुपये सोडून द्या, तो वेळ खरोखर गेला. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. नाही ऐकलं तर सोलापूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. मुदत आता तीन वर्षं आहे, पूर्वी एकच वर्ष होती, त्यामुळे घाई नाही. कापलेले पैसे परत आणि वर दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्याला आहे. नोकरीत असताना करायचं की सीझन संपल्यावर, ते तुम्ही ठरवा. चार-पाच जणींचे पैसे असेच कापले असतील तर अर्ज एकत्र द्या.

सुईदोरा
सुयांचे तर सगळ्यांचेच कापले आहेत. उद्या जेवणाच्या सुट्टीत विचारते.